पाच रुपयांचा निवाडा : महाराज लायबल केसचे एक दुर्लक्षित पान

‘महाराज लायबल केस’ हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. करसनदास मुळजी नावाच्या तरुण गुजराती संपादकाने वल्लभ संप्रदायाच्या एका महाराजांच्या वर्तनावर लेख लिहिला, महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने संपादकाला विजयी ठरवले, एवढी हकिकत समाजसुधारणेच्या बहुतेक पुस्तकांत येते. पण २२ एप्रिल १८६२ रोजी कोर्टाने जो निवाडा दिला त्यात एक बारीकसा भाग असा आहे, की तो या पुस्तकांतून बहुधा गळून पडतो. एका मुद्द्यावर निकाल महाराजांच्या बाजूने लागला होता आणि त्यांना नुकसानभरपाई मंजूर झाली होती. रक्कम होती पाच रुपये.

जिंकलेल्या संपादकाविरुद्ध हे पाच रुपये कशासाठी? मी कायद्याची पदवी घेतलेली नाही. त्यामुळे या प्रश्नाच्या मागे लागल्यावर मला अब्रुनुकसानीचा दिवाणी कायदा, म्हणजे अपकृत्याच्या कायद्यातला हा भाग, अगदी बाराखडीपासून शिकावा लागला. करसनदासांनी १८६५ साली लंडनहून निनावी प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात साक्षी आणि निवाडे आहेत. ते कायद्याच्या अंगाने वाचू लागलो, तेव्हा ही कथा सुधारक विरुद्ध सनातनी या नेहमीच्या चौकटीत मावेना.

आधी घटनाक्रम. करसनदास स्वतः कपोळ वाणी, जन्माने वैष्णव. १८५५ पासून ते ‘सत्यप्रकाश’ चालवत होते. १८६० मध्ये सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज मुंबईस आले. विधवाविवाहाच्या प्रश्नावर कवी नर्मदाशंकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला, आणि संप्रदायाची बाजू मांडणारे लेखन त्यांच्या पुढाकाराने छापून येऊ लागले. त्याला उत्तर म्हणून २१ ऑक्टोबर १८६०च्या ‘सत्यप्रकाश’मध्ये करसनदासांचा लेख आला. हिंदूंचा मूळ धर्म कोणता आणि सध्याचे पाखंडी पंथ कोणते, असा त्याचा विषय. लेखाचा बराच भाग शास्त्रार्थाचा आहे, पण शेवटाकडे तो थेट जदुनाथजींना नावाने हाक मारतो. महाराज धर्माच्या नावाखाली भक्तांच्या बायकामुलींशी अनाचार करतात, असा उघड आरोप तिथे आहे.

नावाने हाक मारली, ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची. त्याआधी दोनच वर्षे, १८५८ मध्ये, इंग्लंडात ईस्टवुड विरुद्ध होम्स या खटल्यात न्यायमूर्ती विल्स यांनी म्हटले होते, की कोणी ‘सगळे वकील चोर आहेत’ असे लिहिले तर एखादा वकील उठून दावा लावू शकत नाही. लिखाणात त्याच्याकडेच बोट दाखवणारे काहीतरी असावे लागते. करसनदासांनी ‘महाराज लोक’ एवढ्यावरच लेखणी थांबवली असती, तर जदुनाथजींचा दावा उभा राहणे कठीण होते. (याच कायद्याची दुसरी बाजू अशी, की मृताची अब्रू दिवाणी दाव्यात जात नाही. २०२४ मध्ये या प्रकरणावरचा ‘महाराज’ हा चित्रपट अडवण्यासाठी गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली, तेव्हा जदुनाथजींच्या वतीने अब्रुनुकसानी मागणे कोणालाच शक्य नव्हते. वाद संप्रदायाच्या भावना दुखावण्याचा झाला. न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला आणि जूनमध्ये स्थगिती उठवली.)

१४ मे १८६१ रोजी दावा दाखल झाला. वादी जदुनाथजी, प्रतिवादी दोन : लेखक-संपादक करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना. मागणी पन्नास हजार रुपयांची. मुद्रकाला का गोवले, असा प्रश्न पडेल. बदनामीच्या दाव्यात लिहिणारा, छापणारा आणि विकणारा असे सगळेच ‘प्रसिद्ध करणारे’ ठरतात आणि वादी त्यांतल्या कोणालाही कोर्टात ओढू शकतो. राणीना डगमगले नाहीत, याचे श्रेय त्यांना फारसे कोणी देत नाही.

आता प्रतिवादींची कैफियत. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बचाव निरनिराळ्या मुद्द्यांत विभागून मांडावा लागे आणि प्रत्येक मुद्द्यावर कोर्ट वेगळा निकाल देई. करसनदासांच्या बचावाचे दोन मुख्य मुद्दे होते. पहिला : आम्ही दोषी नाही. दुसरा : आम्ही लिहिले ते खरे आहे.

पहिल्या मुद्द्याचा अर्थ सरळ दिसतो तितका सरळ नाही. ‘दोषी नाही’ या दोन शब्दांच्या पोटात असा युक्तिवाद होता, की लेख लिहिण्याचा प्रसंगच असा होता, की कायद्याने लेखकाला संरक्षण द्यावे. याला विशेषाधिकार म्हणतात. कल्पना अशी, की काही ठिकाणी आणि काही नात्यांत माणसाने मोकळेपणे बोलणे समाजाला इतके गरजेचे असते, की तिथे चुकून कोणाची अब्रू गेली तरी कायदा डोळेझाक करतो. नोकराबद्दल जुन्या मालकाने नव्या मालकाला खरेखुरे मत कळवणे, हे याचे नेहमीचे उदाहरण. तिथे मालकाचे मत चुकीचे निघाले तरी चालते, मनात द्वेष मात्र नसावा. याच्या शेजारीच रास्त टीकेचा बचाव उभा असतो. सार्वजनिक महत्त्वाच्या गोष्टीवर प्रामाणिकपणे मत दिले, ते कितीही कडवट असले, तरी तो अपराध नव्हे. पण टीका ही टीकाच असावी लागते. ‘हे नाटक भिकार आहे’ हे मत झाले. ‘नाटककाराने पैसे खाल्ले’ ही वस्तुस्थिती झाली, आणि ती रास्त टीकेच्या छत्रीखाली येत नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे, म्हणजे सत्याचे, तसे नाही. तिथे हेतूची चौकशी होत नाही. मनात द्वेष असो वा लोककल्याण, लिहिलेले खरे असेल तर दिवाणी दावा तिथेच संपतो, कारण जी अब्रू माणसाची मुळात नव्हतीच ती गेली म्हणून भरपाई कशी मागणार? पण या बचावाची अट जबर आहे. बदनामीकारक मजकूर खोटाच आहे असे कायदा आधी धरून चालतो. वादीला तो खोटा असल्याचे दाखवावे लागत नाही. खरे असल्याचे प्रतिवादीने सिद्ध करायचे. आरोपाची नांगी जिथे आहे तिथे पुरावा पोचला पाहिजे, आजूबाजूचे तपशील सिद्ध करून भागत नाही. आणि सत्याचा बचाव घेऊन तो कोसळला, तर भर कोर्टात पुन्हा तोच आरोप केला म्हणून भरपाई वाढू शकते.

करसनदासांनी हा जुगार खेळला. त्यासाठी साक्षीदार हवे होते, आणि अडचण तिथेच होती. महाराजांच्या घरच्या गोष्टी ठाऊक असणार त्या त्यांच्या भक्तांना, म्हणजे भाटिया आणि वाणी व्यापाऱ्यांना. भाटियांच्या काही पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरवले, की महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला जातीबाहेर काढायचे. वाळीत पडणे म्हणजे काय, हे १८६१च्या मुंबईत समजावून सांगण्याची गरज नव्हती. पेढी, सोयरीक, मरणाला खांदा, सगळेच बंद. करसनदासांनी याविरुद्ध कट केल्याची फौजदारी तक्रार केली आणि डिसेंबर १८६१ मध्ये त्या पुढाऱ्यांना दंड झाला. याला ‘भाटिया कॉन्स्पिरसी केस’ म्हणतात. मुख्य खटल्याच्या मानाने ती विस्मृतीत गेली आहे. माझ्या मते खरी लढाई तिथेच जिंकली गेली. तो दंड झाला नसता तर सत्य सिद्ध करायला कोण आले असते?

२५ जानेवारी १८६२ रोजी अपोलो स्ट्रीटवरच्या सुप्रीम कोर्टात मुख्य सुनावणी सुरू झाली. सरन्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे आणि न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड असे दोघे बसले होते. प्रतिवादींच्या बाजूला थॉमस चिझम अँन्स्टी हे तापट पण हुशार बॅरिस्टर. इथे एक योगायोग सांगायला हवा. त्याच महिन्याच्या १ तारखेला भारतीय दंडसंहिता अमलात आली होती. तिच्या ४९९ कलमाप्रमाणे फौजदारी बदनामीत नुसते सत्य पुरत नसे, ते सांगणे लोकहिताचे होते असेही दाखवावे लागे. दिवाणी दाव्यात मात्र इंग्रजी रिवाजी कायदाच चाले आणि तिथे सत्य एकटे पुरे असे. एकाच वाक्यासाठी दोन दरवाजे आणि दोन्हींना निरनिराळ्या किल्ल्या, ही स्थिती आपल्याकडे तेव्हापासूनची.

दुसरी गोष्ट म्हणजे या दिवाणी दाव्यात ज्यूरी नव्हती. इंग्लंडात अशा खटल्याचा निकाल ज्यूरी देई, आणि ज्यूरी कारणे देत नसते. मुंबईत दोघा न्यायाधीशांना आपापली कारणे लिहावी लागली. म्हणून तर हे पाच रुपये आपल्याला समजू शकतात.

दोन्ही बाजूंचे मिळून साठाहून अधिक साक्षीदार तपासले गेले. डॉ. जॉन विल्सन यांनी संप्रदायाच्या ग्रंथांबद्दल सांगितले. मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी यांच्यासारखे भाटिया गृहस्थ, ज्यांना गमावण्यासारखे सर्वाधिक होते, त्यांनी महाराजांच्या वर्तनाबद्दल सांगितले. मराठी वाचकाला ओळखीचे नाव पुढे येते ते डॉ. भाऊ दाजींचे. गोव्यातल्या मांद्र्यातून आलेला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडलेला हा वैद्य मुंबईच्या सर्व समाजांत वावरत असे. भाऊ दाजी आणि डॉ. धीरजराम दलपतराम या दोघांनी महाराजांच्या गुप्तरोगासंबंधी साक्ष दिली. जदुनाथजी स्वतः पिंजऱ्यात आले होते आणि त्यांनी असा रोग झाल्याचे नाकारले होते. ज्याच्या वागणुकीचा प्रत्यक्ष पुरावा मिळणे दुरापास्त, त्याच्या देहानेच पुरावा दिला, असा हा प्रकार.

रोग्याचे गुपित वैद्याने असे कोर्टात सांगावे का, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचा अधिकार कायदा देतो, वैद्याला देत नाही. १७७६ सालच्या डचेस ऑफ किंग्स्टनच्या खटल्यापासून इंग्रजी कायद्यात हे ठरलेले आहे. भाऊ दाजींना प्रश्न विचारला गेल्यावर उत्तर देणे भाग होते. आणि ते उत्तर बदनामीचे असले तरी त्याबद्दल त्यांच्यावर कधीही दावा लागू शकत नव्हता, कारण साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले बोलणे पूर्ण विशेषाधिकाराचे असते. तिथे हेतूही विचारला जात नाही. खोटे बोलला तर खोट्या साक्षीचा खटला होईल, अब्रुनुकसानीचा नाही.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. महाराज दुराचारी आहेत, हे विधान ‘सत्यप्रकाश’च्या पानावर आले तेव्हा त्याची किंमत पन्नास हजार रुपये लावली गेली. तेच विधान भाऊ दाजी किंवा लखमीदास यांनी पिंजऱ्यात उभे राहून, नावनिशीवार आणि कितीतरी अधिक उघडपणे केले, तेव्हा त्याला काहीच किंमत पडली नाही. मग शहरातल्या वर्तमानपत्रांनी रोजच्या रोज त्या साक्षींचे वृत्तान्त छापले. न्यायालयीन कामकाजाचा सरळ आणि बिनचूक वृत्तान्त देणे हाही एक विशेषाधिकार. संपादकाने स्वतःच्या नावाने लिहिले असते तर जे त्याला भोवले असते, ते कोर्टाच्या नावाने तो बिनधास्त लिहू शकत होता. अब्रू राखायला म्हणून वादी कोर्टात आला, आणि ज्या गोष्टी एका लहानशा गुजराती साप्ताहिकात पडून राहिल्या असत्या त्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून साऱ्या शहराला कळल्या. आपण भरलेल्या दाव्यानेच विरुद्ध बाजूला बोलण्याची मुभा मिळते, हे जदुनाथजींच्या सल्लागारांच्या ध्यानात आले नसावे.

आता निवाडा. सत्याच्या मुद्द्यावर प्रतिवादी जिंकले. वादीने शपथेवर दिलेले नकार टिकले नाहीत. आर्नोल्ड यांनी त्या वेळी जो विचार मांडला तो पुढे फार गाजला : नीतीच्या दृष्टीने जे वाईट आहे ते धर्मशास्त्राच्या आधाराने चांगले ठरू शकत नाही.

राहिला ‘दोषी नाही’ हा पहिला मुद्दा. तिथे निकाल वादीच्या बाजूने गेला आणि पाच रुपये मंजूर झाले. सॉसे यांच्या म्हणण्याचा आशय मला असा कळतो, की वर्तमानपत्राचा संपादक झाला म्हणून एखाद्याला दुसऱ्याच्या खासगी चारित्र्यात शिरण्याचा वेगळा हक्क मिळत नाही. महाराज सरकारी अधिकारी नव्हेत, त्यांचे खासगी वर्तन हा आपोआप सार्वजनिक विषय होत नाही. तेव्हा विशेषाधिकाराचे कवच करसनदासांना नाही. आरोप सिद्ध झाला म्हणून ते सुटले, तो करण्याचा अधिकार होता म्हणून नव्हे. पाच रुपये हे या फरकाचे माप. आर्नोल्ड यांचा सूर याहून वेगळा होता. वर्तमानपत्रकार हा लोकशिक्षक असतो, वाईट चाली उघडकीस आणणे हे त्याचे कामच आहे, आणि करसनदास तर त्याच संप्रदायात जन्मलेले, आपल्याच माणसांना सावध करणारे, असा त्यांचा विचार.

मला व्यक्तिशः आर्नोल्ड यांची बाजू पटते, आणि तीही एका साध्या कारणाने. जदुनाथजी स्वतः वादाच्या आखाड्यात उतरले होते. धर्मगुरू म्हणून जाहीरपणे उपदेश करायचा आणि त्या उपदेशाशी आपले वागणे जुळते का असे कोणी विचारले, की तो खासगी प्रश्न म्हणायचा, हे चालू नये. पण सॉसे यांचा आक्षेप पोकळ नाही, हेही कबूल केले पाहिजे. संपादकाला ‘मला खरे वाटले’ एवढ्यावर सोडले, तर ज्याच्यावर खोटा आळ आला त्याने जायचे कुठे? पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, इंग्लंडच्या क्वीन्स बेंचने कँपबेल विरुद्ध स्पॉटिसवुड या खटल्यात हाच प्रश्न सोडवला तो सॉसे यांच्याच बाजूने. डॉ. कँपबेल नावाच्या संपादकाने चीनमधल्या धर्मप्रसारासाठी वर्गणीदार जमवण्याची योजना काढली. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ने लिहिले, की हा सगळा आपल्या पत्राचा खप वाढवण्याचा डाव आहे. टीकाकाराला ते मनापासून खरे वाटत होते. कोर्टाने म्हटले, योजनेवर हवी तेवढी टीका करा, पण हीन हेतूचा आरोप आधाराशिवाय केलात तर तुमचा प्रामाणिक समज तुम्हाला वाचवणार नाही. पन्नास पौंड भरपाई कायम झाली.

प्रामाणिक समज आणि सत्य यांतले अंतर किती महाग पडते, हे वीस वर्षांनी पुण्याने अनुभवले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांनी छत्रपतींचा छळ चालवला आहे, असे दाखवणाऱ्या पत्रांच्या आधारे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. पत्रे खरी आहेत, असा टिळक-आगरकरांचा समज होता. ती बनावट निघाली. बर्वे यांनी फौजदारी मार्ग धरला आणि १८८२च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सवलत मिळून १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्यासारखे काही नव्हते. करसनदासांजवळ भाऊ दाजी होते, मथुरादास आणि लखमीदास होते. टिळक-आगरकरांजवळ कागद होते आणि ते टिकले नाहीत.

करसनदासांना जिंकूनही झळ बसली. खटल्याचा त्यांचा खर्च चौदा हजारांच्या घरात गेला, त्यांपैकी साडेअकरा हजार कोर्टाने वादीकडून देववले. त्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्ट बंद होऊन मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले आणि सॉसे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले.

पहिल्या मुद्द्याला आपल्याकडे थोडी वाट मिळाली ती १९९४ मध्ये, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात. तमिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’ एका फाशीच्या कैद्याचे आत्मवृत्त छापणार होते आणि त्यात पोलीस आणि तुरुंगातल्या अधिकाऱ्यांची नावे येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सरकारी अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी निगडित वर्तनावर लिहिताना मजकूर खरा असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही. पुरेशी खातरजमा करून लिहिले होते एवढे दाखवले तरी पुरे. खरेखोट्याची पर्वाच केली नाही, असे वादीने सिद्ध केले तरच भरपाई. पण ही सवलत सरकारी अधिकाऱ्यांविषयीच्या लिखाणापुरती आहे. धर्मगुरू, कारखानदार, संस्थाचालक तिच्यात येत नाहीत. जदुनाथजींसारख्या गुरूवर आज कोणी तसाच लेख लिहिला, तर त्याला पुन्हा दुसऱ्याच मुद्द्यावर उभे राहावे लागेल, आणि लखमीदास खिमजींसारखे कोणीतरी शोधून आणावे लागेल.